ति वोल्यो बेने कुणाला, ति आमो कुणाला? इटलीत नव्याने आलेल्यांसाठी

दर वर्षी सप्टेंबर उजाडला की पादोवा, मिलानो, तोरिनोकडे महाराष्ट्रातली मुलंमुली शिकायला येतात. राहण्याचा परवाना, कोदीचे फिस्काले म्हणजे कर-क्रमांक, खोलीचा करार, डॉक्टर निवडणं, याबद्दल त्यांना सांगायला सगळे असतात. माणसाला माया कोणत्या शब्दांत सांगायची हे मात्र कुणी सांगत नाही, आणि इथे पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात अवघड गोंधळ तिथेच होतो.

गोंधळ का होतो ते आधी बघू. आपण घरी आई-बाबांना तोंडावर ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ असं सहसा म्हणत नाही. जेवलास का, पोचल्यावर फोन कर, एवढ्यात ते आलेलं असतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शहरांमधल्या मुलांनी मात्र इंग्रजीतलं ‘लव्ह यू’ उचललं. ते आईला चालतं, मैत्रिणीला चालतं, नोट्स पाठवणाऱ्या वर्गमित्रालाही चालतं. इटलीत आल्यावर भाषांतराच्या ॲपमध्ये तेच टाकलं की बहुतेक वेळा उत्तर येतं ‘ति आमो’. आणि ‘ति आमो’ इथे फक्त प्रियकर-प्रेयसी किंवा नवरा-बायको एकमेकांना म्हणतात.

सांगलीहून तोरिनोला आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. परवान्याचे कागद पोस्टातून भरायचे असतात. तो फॉर्मचा गठ्ठा पूर्ण इटालियनमध्ये. त्यावर सोळा युरोचा मार्का दा बोल्लो, म्हणजे सरकारी तिकीट, लावायचं. वर्गातला एक इटालियन मुलगा तिच्याबरोबर पोस्टात गेला, रांगेत उभा राहिला, एकेक रकाना भरून दिला. रात्री हिने त्याला लिहिलं, ‘Grazie, ti amo!!’ पुण्याच्या मित्राला तिने ‘थँक्स, लव्ह यू’ लिहिलं असतं, त्याच भावनेने. तो मुलगा दोन दिवस गप्प. मग त्याने अगदी जपून विचारलं, आपण बोलूया का? भेटल्यावर म्हणाला, तू मला आवडतेस, पण माझी फिदान्त्साता, म्हणजे गर्लफ्रेंड, आहे. बिचारी लाजेने लाल. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं, मैत्रीचं म्हणायचं होतं’ हे तिने मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, तेव्हा कुठे दोघांना हायसं वाटलं. आज ते चांगले मित्र आहेत.

आता तिने काय लिहायला हवं होतं? पुष्कळ जण सांगतील, ‘ति वोल्यो बेने’, म्हणजे माझा तुझ्यावर जीव आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. तीन आठवड्यांच्या ओळखीला तेही जरा जास्त होतं. तिथे ‘ग्रात्सिये मिल्ले, सेई उन आंजेलो’, म्हणजे खूप आभार, देवदूत आहेस तू, हे अगदी बरोबर बसलं असतं. ‘ति वोल्यो बेने’ ला थोडा सहवास लागतो. एकमेकांची दुखणीखुपणी माहीत झाली, घरच्यांची नावं माहीत झाली, रुसवे-फुगवे होऊन गेले, की ते आपोआप तोंडात येतं. आणि मग कुणी संकोच करत नाही. मैत्रिणी मैत्रिणींना म्हणतात, आजी नातवाला, बाप मुलाला, भाऊ बहिणीला. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी इथे आईचा दिवस असतो. शाळेतून पोरं जी रंगवलेली कार्डं घरी आणतात त्यांवर हेच तीन शब्द असतात. आपल्या मुलग्यांना मुद्दाम सांगते: एखाद्या इटालियन मित्राने स्टेशनवर निरोप देताना मिठी मारून ‘ति वोल्यो बेने’ म्हटलं तर दचकू नका. दोन पुरुष मित्रांमध्ये ते सहज चालतं, आणि त्यात मैत्रीखेरीज काही शोधू नका. ‘आंकीओ’, म्हणजे मीही, एवढं उत्तर द्या. ‘ग्रात्सिये’ म्हणून थांबलात तर समोरच्याला गार वाटेल.

मोबाइलवर हेच ‘tvb’ असं दिसेल. एसेमेसमध्ये अक्षरं मोजून लिहायची त्या काळापासूनची ही सवय. ‘tvtb’ मध्ये मधला टी ‘तान्तो’चा, म्हणजे खूप. ही अक्षरं आता शाळकरी पोरींची वाटतात, पण माझ्या वयाच्या मैत्रिणीसुद्धा अधूनमधून लिहितात.

शब्दांच्या पोटात काय आहे ते कळलं की पुढच्या चुका टळतात. ‘वोल्यो’ म्हणजे मला हवं आहे, ‘बेने’ म्हणजे भलं. तुझं भलं व्हावं असं मला वाटतं. म्हणूनच यातला ‘बेने’ कधीही गाळू नका. नुसतं ‘ति वोल्यो’ म्हणजे तू मला हवी आहेस, हवा आहेस, आणि ते सरळसरळ शरीराच्या ओढीचं बोलणं आहे. घाईत टाइप करताना, किंवा बोलताना शेवटचा शब्द तोंडातल्या तोंडात गिळल्यामुळे, हा अपघात होतो.

दुसरी चूक तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना होते. ‘ति’ दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे फरक लपून राहतो. मार्ता नावाच्या मैत्रिणीबद्दल सांगायचं तर ‘वोल्यो बेने आ मार्ता’. इथे ‘आ’ लागतो, आपल्या ‘ला’सारखा. प्रेयसी असेल तर ‘आमो मार्ता’, मध्ये काही नाही. नाव न घेता ‘तिच्यावर’ म्हणायचं तर मैत्रिणीसाठी ‘ले वोल्यो बेने’ आणि प्रेयसीसाठी ‘ला आमो’. नवीन माणूस नेमका ‘ला वोल्यो बेने’ म्हणतो. ऐकणारा समजून घेतो, पण त्याला क्षणभर ‘ला वोल्यो’, ती मला हवी आहे, असं ऐकू आलेलं असतं. मित्राबद्दल असेल तर ‘ल्यी वोल्यो बेने’. दोन-चार दिवस मोठ्याने म्हणून बघा, जिभेला वळण लागेल. ‘वोल्यो’ लिहिताना त्यात g दिसतो, तो ‘ग’ म्हणून उच्चारू नका.

आता नव्या प्रेमाकडे. इथे पायऱ्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीला शब्द आहे. आधी ‘मी प्याची’, तू मला आवडतोस. हे बोलणारा मैत्रीपलीकडचंच बोलतो आहे असं धरून चाला. म्हणून मैत्रिणीच्या स्वभावाचं कौतुक म्हणून हे वापरू नका. मग दोघं भेटत असतात, कॉफी, सिनेमा, रविवारची भटकंती. त्याला ‘ची स्त्यामो फ्रेक्वेन्तान्दो’ म्हणतात, अजून काही ठरलेलं नाही असा त्याचा अर्थ. ठरलं की ‘स्त्यामो इन्स्येमे’, आम्ही एकत्र आहोत. त्यानंतर येतो ‘फिदान्त्सातो’ किंवा ‘फिदान्त्साता’. शब्दकोशात याचा अर्थ वाग्दत्त असा सापडेल आणि तुम्ही साखरपुड्याच्या शुभेच्छा देऊन मोकळे व्हाल. आज बोलताना तो बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड याच अर्थी सर्रास येतो.

या सगळ्यात ‘ति आमो’ कधी? घाई नको. ते पहिल्यांदा म्हणणं ही इथे गंभीर गोष्ट आहे. कित्येक जोडपी महिनोन्‌महिने त्याच्या अलीकडे थांबतात, आणि त्या मधल्या काळात एकमेकांना ‘ति वोल्यो बेने’ म्हणतात. तुम्ही एखाद्याला दोन-तीन महिने भेटत असाल आणि तो असं म्हणाला, तर त्याने तुम्हाला मैत्रीच्या कप्प्यात ढकललं असं समजू नका. जीव जडायला लागला आहे, मोठा शब्द अजून पोटात आहे. उलट वर्षभर एकत्र असलेल्या माणसाला तुम्ही ‘ति आमो’ म्हणालात आणि उत्तर ‘आंकीओ ति वोल्यो बेने’ असं आलं, तर ते नीट ऐका. शब्द मुद्दाम बदलला आहे. नातं तोडताना सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्यही हेच असतं: ति वोल्यो बेने, मा नोन ति आमो प्यू. तुझी काळजी आहे, पण आता प्रेम उरलेलं नाही.

हा फरक या मातीत फार जुना आहे. व्हेरोनाचा कवी कातुल्लुस, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, लॅटिनमध्ये आपल्या प्रेयसीला सांगतो की तू दिलेल्या जखमेमुळे मी तुझ्यावर प्रेम जास्त करतो, पण तुझं भलं कमी चिंततो. त्याचे शब्द आहेत ‘आमारे’ आणि ‘बेने वेल्ले’. आजचे दोन्ही वाक्प्रयोग त्याच दोन धाग्यांचे. म्हणजे ओढ असून सद्भाव नसणं शक्य आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

दक्षिणेकडे गेलात तर ही रेघ पुसट होते. नापोलीच्या बोलीत ‘ते वोल्यो बेने’ प्रियकर-प्रेयसीही एकमेकांना म्हणतात, आणि त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नाही. तिथे समोरचा कोणत्या भाषेत बोलतोय हे आधी बघायचं.

लग्नानंतर दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी नांदतात. चर्चमधल्या लग्नात वर-वधू ‘तुझ्यावर प्रेम करण्याचं आणि तुझा मान राखण्याचं’ वचन देतात, आणि तिथे क्रियापद ‘आमारे’च आहे. नगरपालिकेतल्या लग्नात मात्र नागरी संहितेची 143, 144 आणि 147 ही कलमं वाचून दाखवतात: निष्ठा, एकमेकांना आधार, घरासाठी मिळून काम, एकत्र राहणं, मुलांचं पालनपोषण. प्रेम हा शब्द त्यात नाही. त्या दिवशी पाहुणे म्हणून गेलात तर कान देऊन ऐका, पुढच्या संसाराचा आराखडा तोच आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं रोज संध्याकाळी जिन्यात भांडतं. ती परवा मला म्हणाली, आम्ही अजून ‘ची वोल्यामो बेने’, आणि ‘बेने’वर तिने असा जोर दिला की त्यात तिची सगळी वर्षं आली.

ज्यांचं लग्न इटालियन घरात होणार आहे त्यांच्यासाठी शेवटचं. सासूबाईंना सुरुवातीला ‘लेई’ म्हणा, आपल्या ‘अहो’सारखं. ‘तू’ म्हण असं त्यांनी सांगितल्यावरच ‘तू’वर या. तोवर माया सांगायची असेल तर ‘ले सोनो मोल्तो आफेत्स्योनाता’ म्हणा, पुरुष असाल तर शेवटी ‘आफेत्स्योनातो’. मला तुमचा फार लळा आहे, असा अर्थ. ‘ति वोल्यो बेने’ बहुतेक घरांत सासूबाईच आधी म्हणतात, तेही अचानक, भांडी घासताना किंवा दार लावताना. उत्तर ‘आंकीओ’.