परदेशातून पैसे निघाले, पण खात्यात आले नाहीत: ग्राहकाला पुरावा मागणारा मेल कसा लिहावा

वाळूज एमआयडीसीत मशीनच्या पार्टचे कॅड ड्रॉइंग करून देणाऱ्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या ग्राहकाने 2,400 युरो 4 मार्चला पाठवल्याचं कळवलं. 12 मार्च उजाडला तरी खात्यात काही नाही. तिने लिहिलेला पहिला मसुदा असा: "आठ दिवस झाले, पैसे आले नाहीत. तुम्ही नक्की पाठवलेत ना? कृपया लवकर बघा."

या मेलला उत्तर काय येणार, ते ठरलेलं आहे: "हो, पाठवलेत", आणि सोबत बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली एवढंच त्यातून कळतं. वाटेत ती कुठे थांबली, हे आपल्या बँकेला त्यावरून शोधता येत नाही. म्हणून पैसे पाठवले का असं न विचारता नेमका कागद मागायचा.

मेल लिहिण्याआधी

आधी आपलं घर तपासा. बिलावरचा खाते क्रमांक, खात्यावरचं नाव आणि बँकेचा स्विफ्ट कोड पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग शाखेत जा. लहान गावातल्या शाखेत परदेशी रकमेचं काम सहसा होत नाही, ते बँकेच्या फॉरेक्स विभागाकडे असतं. शाखेमार्फत तिथे चौकशी करायला सांगा. पैसे कशाचे आहेत हे सांगणारा पर्पज कोड तुमच्याकडून मिळाला नाही म्हणून रक्कम बँकेतच अडकून पडलेली असू शकते. तो कोड मागणारा बँकेचा मेल स्पॅममध्येही गेलेला असतो. तसं असेल तर ग्राहकाला लिहायची गरजच नाही.

काय मागायचं

स्विफ्टने रक्कम पाठवताना बँका एकमेकींना जो संदेश देतात, त्याची प्रत मागायची. तिला सगळे MT103 म्हणतात. बँकांमधला हा संदेश आता pacs.008 या नव्या रूपात जातो, पण मागताना जुनं नाव अजून चालतं. प्रतीत सगळ्यात कामाचा असतो UETR, म्हणजे त्या एका व्यवहाराचा 36 अक्षरांचा क्रमांक. मधल्या बँकांमधूनही तो बदलत नाही. तो फोटोत नको, मेलमध्ये टाइप करून मागा; एक अक्षर चुकलं तरी शोध थांबतो.

सुधारलेला मेल

विषयाची ओळ अशी ठेवा, म्हणजे मेल थेट त्यांच्या हिशेब विभागाकडे पुढे पाठवता येतो:

```
Invoice 014 - EUR 2,400 - sent 4 March - request for MT103 / UETR
```

मजकूर इंग्रजीत लिहायचा, पण त्याचा क्रम असा:

"बिल क्रमांक 014 चे 2,400 युरो 4 मार्चला पाठवल्याचं कळवलंत, धन्यवाद. रक्कम अजून जमा झालेली नाही. मी माझ्या बँकेत चौकशी केली. व्यवहार क्रमांकाशिवाय त्यांना शोध घेता येत नाही. तुमच्या बँकेकडून MT103 ची प्रत मागवून द्याल का? तिला वेळ लागणार असेल तर आधी UETR तेवढा पाठवा. प्रतीतला तुमचा खाते क्रमांक झाकलात तरी चालेल. 19 मार्चला पाडव्यामुळे आमच्या बँका बंद आहेत, म्हणून 17 मार्चपर्यंत मिळालं तर मला त्याच आठवड्यात शोध सुरू करता येईल. माझा बँक तपशील बिलावर आहे तोच आहे, बदललेला नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. पैशांच्या मेलमध्ये खाते क्रमांक पुन्हा लिहिला की परदेशातला हिशेबनीस बिचकतो, कारण मेल हॅक करून खातं बदलायला सांगणारे भामटे असेच लिहितात. तारखेसोबत कारण दिलं की तगादा वाटत नाही. "पुन्हा पाठवा" मात्र लिहू नका. पहिली रक्कम परत गेल्याचं नक्की होण्याआधी दुसरी आली तर दोन्हीकडे घोळ होतो.

प्रत आल्यावर

तारीख, रक्कम, तुमचं नाव आणि खाते क्रमांक बघा. आपल्या उदाहरणात समजा खाते क्रमांकातला एक आकडा गळालाय. मग ग्राहकाला दुसरा छोटा मेल: "प्रतीत एक आकडा सुटलाय, बिलावरचा क्रमांक बघून तुमच्या बँकेला दुरुस्तीचा संदेश पाठवायला सांगा." हे काम पाठवणाऱ्याच्याच बँकेने करायचं असतं, आपल्या शाखेने नव्हे. सगळं बरोबर असेल तर UETR घेऊन फॉरेक्स विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ही प्रत म्हणजे पैसे मिळाल्याची पावती नव्हे. खोटी MT103 बनवणारेही आहेत, त्यामुळे नव्या ग्राहकाला अंतिम ड्रॉइंग फाइल पाठवायची असेल तर रक्कम खात्यात दिसेपर्यंत थांबा.