जाहिरात पडली, पण नेमकी कशामुळे? मजकूर, वेळ आणि गिऱ्हाईक वेगवेगळं तपासायची पद्धत

जाहिरात चालली नाही की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "रील बरोबर झाली नव्हती." लगेच दुसरी रील काढायला माणूस बोलावला जातो. रील बदलणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून दोष तिच्यावर जातो. आणि जुनी रील काढून टाकली की चूक शोधायचा पुरावाही गेला. म्हणून पहिलं काम हे: पडलेल्या जाहिरातीतलं काहीही बदलू नका, पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषणही तसंच राहू द्या.

पद्धत नीट कळावी म्हणून एक नमुना घेऊ. दुकान कोल्हापुरातलं, माल अस्सल चामड्याच्या कोल्हापुरी चपला. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून बेतलेले आहेत, पण अशी कहाणी चप्पल लाइनीत कुणालाही ओळखीची वाटेल. १ ते १४ जुलै या काळात फेसबुक-इन्स्टाग्रामवर ३० सेकंदांची रील चालवली. खर्च १२,००० रुपये. जाहिरात १,५०,००० वेळा दिसली, १,५०० जणांनी तिच्यावर टिचकी मारली, ३०० जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला आणि जोड विकले गेले ६. साधारण १,८०० रुपयांचा एक जोड धरला तर १०,८०० रुपयांची विक्री. जाहिरातीचा खर्चही निघाला नाही, चामडं आणि मजुरी तर लांबच.

आधी काउंटरकडे बघा

मजकूर, वेळ आणि गिऱ्हाईक या तिन्ही संशयितांना पकडण्याआधी एक साधी गोष्ट तपासा: मेसेजला उत्तर किती वेळात गेलं? रात्री दहाला आलेल्या "किंमत?"ला दुसऱ्या दिवशी अकराला शटर उघडल्यावर उत्तर जात असेल, तर बाकीची चौकशी थांबवा. तो दोष जाहिरातीचा नाहीच. आपल्या नमुन्यात दुकानदाराचा पुतण्या रात्रीही उत्तरं देत होता, असं धरू आणि पुढे जाऊ.

संभाषणं हाताने वाचा

फेसबुकच्या जाहिरातींचा हिशेब दाखवणारा अ‍ॅड्स मॅनेजर मेसेज कुठल्या वयोगटातून आले ते सांगतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला आणि फोन-पेने पैसे आलेला सौदा त्याला दिसत नाही. म्हणजे टिचकी कुणी मारली ते त्याच्याकडे, पैसे कुणी दिले ते तुमच्या गल्ल्यात. मधला दुवा फक्त संभाषणात आहे. वही घ्या आणि प्रत्येक संभाषणासाठी तीन गोष्टी लिहा: माणूस कुठला, त्याने काय विचारलं आणि बोलणं कुठल्या वाक्यावर थांबलं. ३०० संभाषणांना एक दुपार जाते, पण यापेक्षा उपयोगी दुपार या कामात नाही.

आपल्या वहीत असं निघालं. ९० जणांनी आपोआप तयार होणारा मेसेज पाठवला आणि पुढे बोललेच नाहीत. अंगठा चुकून लागलेले हे लोक, त्यांना बाजूला ठेवा. उरले २१०. त्यांतले ७० किंमत ऐकून गप्प झाले. ६० जणांनी कुठल्या ना कुठल्या शब्दांत पाऊस काढला: "भिजली तर चालेल का?", "पावसाळा संपल्यावर घेतो". ४५ जण मापात अडकले: "माझा बुटाचा नंबर ८, चपलेचा कुठला?", "लहान झाली तर बदलून देणार का?" २५ जणांनी दुकानाचा पत्ता विचारला. राहिलेले १० किरकोळ, त्यातच आपले ६ गिऱ्हाईक.

मापाचे ४५ जण सरळ मजकुराच्या खात्यात टाका. त्यांना माल हवा होता, आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने माप कसं काढायचं, हे रीलमध्ये किंवा पहिल्या उत्तरात असतं तर त्यातले काही जण पुढे गेले असते. पावसाचे ६० वेळेच्या खात्यात. किंमत ऐकून गेलेले ७० मात्र फसवे आहेत. किंमत रीलमध्ये नव्हती म्हणून नको ते लोक आत आले, की लोकच चुकीचे निवडले होते? हे संभाषणातून कळत नाही, त्यासाठी पुढच्या तपासण्या.

मजकूर: रील कुठे सोडली ते बघा

व्हिडिओ २५, ५०, ७५ टक्के किती जणांनी पाहिला, हे अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये मिळतं. आपल्या रीलचे पहिले आठ सेकंद दुकानाची पाटी, हार घातलेली तसबीर आणि लोगो यांत गेले होते. कारागीर आरीने भोक पाडून चामड्याची वादी ओढतो, ते दृश्य नवव्या सेकंदाला होतं. २५ टक्क्यांची खूण साडेसात सेकंदांवर येते आणि तिथपर्यंत बहुतेक प्रेक्षक निघून गेले होते. म्हणजे जे बघायला माणूस थांबला असता, ते त्याने पाहिलंच नाही.

पण इथे निकाल देऊ नका. चुकीच्या माणसाला चांगली रील दाखवली तरी तो तिसऱ्या सेकंदाला अंगठा सरकवतोच. फरक ओळखायची खूण अशी: हाच आकडा वयोगटाप्रमाणे, स्त्री-पुरुषाप्रमाणे फोडून बघा. सगळ्या गटांत रील त्याच जागी सुटत असेल तर मजकूर कच्चा. एका गटात लोक शेवटपर्यंत थांबतात आणि दुसऱ्यात लगेच पळतात, असं दिसलं तर मजकूर बरा आहे, माणसं चुकली आहेत. आपल्याकडे सगळ्या गटांत साडेसात सेकंदांच्या खुणेआधीच घसरण झाली होती. तेव्हा पाटीचे आठ सेकंद दोषी.

गिऱ्हाईक: जुन्या गिऱ्हाइकांना साक्षीला बोलवा

आपण निवडलं होतं: अख्खा महाराष्ट्र, वय १८ ते ६५. मेसेज फोडून पाहिले तर निम्म्याहून जास्त १८ ते २४ वयाचे. सिस्टिम स्वस्तात मेसेज मिळतील तिकडे पैसा वळवते. तुम्ही तिला 'मेसेज आणा' सांगितलं, तिने मेसेज आणले. 'विक्री करा' असं कुणी सांगितलंच नव्हतं. किंमत ऐकून गप्प झालेले इथूनच आले असावेत, असा दाट संशय येतो.

संशय पक्का करायचा उपाय फुकटचा आहे. ज्यांनी आधी चपला घेतल्या आहेत आणि ज्यांनी मेसेज पाठवायला हरकत घेतलेली नाही, अशा ४०-५० जणांना तीच रील, काहीही न बदलता पाठवा. हे लोक 'बरोबर गिऱ्हाईक' आहेत यात शंका नाही. त्यांनी उत्साहाने विचारपूस केली तर जाहिरातीची माणसं चुकली होती. त्यांनीही "बघू नंतर" म्हटलं तर माणसांवर दोष टाकता येत नाही, मजकूर किंवा वेळ बघा. आपल्या नमुन्यात बरीच उत्तरं आली, पण सूर एकच: "दसऱ्याला येतो." म्हणजे बरोबर लोकांसाठीही वेळ चूक होती. तरुण गटावरचा संशय मात्र तसाच उरला.

पत्ता विचारणाऱ्या २५ जणांकडे दुर्लक्ष करू नका. फेसबुकच्या जाहिरातीत एखादी जागा निवडली की तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, दोघेही धरले जातात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला बेळगावचा माणूस मेसेज करतो, मग थेट दुकानात येऊन रोख घेऊन जातो. ती विक्री वहीत 'जाहिरात' म्हणून लागत नाही. पुढच्या वेळी काउंटरवर एवढंच विचारा, "आमचं नाव कुठे बघितलं?"

वेळ: ज्याने जाहिरात पाहिली नाही, त्याला विचारा

काउंटरची रोजची विक्री हा इथला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांनी जाहिरात पाहिलेली नसते. काउंटर नेहमीसारखा चालला आणि जाहिरातच पडली, तर वेळेला दोष देता येत नाही. काउंटरही बसला असेल तर वेळ आड आली. आपल्या दुकानात एप्रिलच्या पंधरवड्यात १४० जोड गेले, जुलैच्या पंधरवड्यात ५०. हे चामडं झाडाच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं असतं. ते भिजलं की फुगतं आणि आकार सोडतं. कोल्हापूरकर हे जाणतो, म्हणून पावसात चप्पल माळ्यावर टाकतो. त्यातून जुलैचा पंधरवडा म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी कधी गाठते, हे लोक तासातासाला फोनवर बघत असतात. अशा दिवसांत मधेच आलेली चपलेची रील कोण बघतो?

मागच्या वर्षांशी तुलना करताना मात्र २०२५ वगळा. त्या वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, वाद झाला आणि देशभर कोल्हापुरीचं नाव गाजलं. तेव्हाची चौकशी बातमीमुळे वाढलेली होती. २०२४चा जुलै धरा. तिथे ५२ जोड असतील तर यंदाचे ५० म्हणजे नेहमीचाच पावसाळा.

पुन्हा चाचणी, एका वेळी एकच बदल

आता हाती तीन दोष आले: वेळेचा दोष मोठा, तरुण गटावर वाया गेलेला पैसा मध्यम, सुरुवातीचे आठ सेकंद आणि मापाची अडचण दुरुस्त होण्याजोगी. तिन्ही एकदम बदलले तर विक्री वाढेल, पण कशाने वाढली ते कळणार नाही. म्हणून पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या थोडं आधी, जुनीच रील, जुन्याच निवडीने, फक्त ३,००० रुपयांत चालवा. बदललं काय, तर तारीख.

जुलैत ४० रुपयांना एक मेसेज पडला होता. त्या भावाने सुमारे ७५ मेसेज येतील. सणाच्या तोंडावर सगळेच जाहिरात करतात, भाव चढतो आणि मेसेज कमी येतात. म्हणून एका सौद्यामागे किती खर्च आला याकडे बघू नका, शंभर मेसेजांमागे किती सौदे झाले ते बघा. जुलैत ते २ होते. ७५ मेसेजांत त्या हिशेबाने एक-दोन सौदे व्हायला हवेत. ६ झाले तर तो योगायोग म्हणणं अवघड, वेळच आड आली होती. ३ झाले तर काहीच सिद्ध होत नाही, आणखी ३,००० घाला. एकही झाला नाही तरी घाई नको: ७५ पैकी शून्य आले असताना खरं प्रमाण शंभरात ४ पर्यंतही असू शकतं. अशा वेळी शून्याला ढोबळ नियम लावतात, ३ भागिले एकूण संख्या.

त्यानंतर निवड बदला, २५ ते ५० वय आणि पुणे, मुंबई यांसाठी वेगळे अ‍ॅड सेट, म्हणजे एकाच जाहिरातीचे स्वतंत्र खर्चाचे गट. वेगळे अशासाठी, की एकत्र टाकलेल्या शहरांत कुणाचे पैसे कुठे गेले ते नंतर फोडून काढणं अवघड जातं. रील सर्वांत शेवटी. नवीन रीलची सुरुवात वादी ओढणाऱ्या हातापासून करा, किंमत दहाव्या सेकंदाच्या आत दाखवा, आणि जुनी-नवी रील अ‍ॅड्स मॅनेजरच्या ए-बी चाचणीत एकाच आठवड्यात समोरासमोर चालवा. वेळेची तुलना या चाचणीत होत नाही, दोन्ही रील एकाच पावसात किंवा एकाच उन्हात चालतात.