माऊसचं चाक खाली फिरवलं की पान वर उडतंय? माझा अनुभव

आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात जीएसटीच्या लांबलचक शीट बघायला लागतात आणि माऊसचं चाक खाली फिरवलं की मधेच पान टुणकन वर जायचं, लई वैताग. आधी तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितला, तिथंही तेच, म्हणजे सेटिंगचा विषय संपला, दोष माऊसमध्येच.

चाकाच्या बाजूला तीन पायांचा एक चौकोनी एन्कोडर असतो, त्यात धातूच्या पत्त्या घासून दोन सिग्नल देतात आणि कुठला आधी आला यावरून दिशा ठरते. पत्तीवर काळा थर बसला किंवा ती झिजली की सिग्नल तुटक येतात, क्रम चुकतो आणि माऊसला वाटतं चाक उलटं फिरलं.

खालच्या रबरी पट्ट्यांखालचा स्क्रू काढून उघडला, एन्कोडरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला, चाक दोन्हीकडं भरपूर फिरवलं आणि पूर्ण सुकल्यावरच जोडला. नुसती फुंकर मारून काय होत नाही, घाण आत असते. डब्ल्यूडी-४० चा साधा स्प्रे मात्र नको, तेलकट थर राहतो.

पावसाळ्यात परत उड्या सुरू झाल्या, म्हणजे पत्ती झिजलेलीच. मग एन्कोडर बदलला, किंमत किरकोळ, पण उंची मोजूनच घ्या, ७, ९, ११ मिमी असे येतात, चुकीचा घेतला तर चाक नीट बसत नाही. तिन्ही पायांचं जुनं सोल्डर पूर्ण ओढून मगच काढा, जोर लावला तर बोर्डाची तांब्याची पट्टी उखडते. काही माऊसमध्ये एन्कोडरऐवजी लाईटचा सेन्सर असतो, तिथं चाकाच्या खाचांतले केस आणि धूळ ब्रशनं काढली की बहुतेक वेळा भागतंय.