पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बीत दिसत नसेल तर काय करावे?

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. जुलैत त्यांनी २,००,००० रुपयांचा पत्रा घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये जीएसटी भरला. विक्रीवरचा कर ९०,००० आणि खरेदीवर भरलेल्या कराचे एकूण क्रेडिट ६०,०००, म्हणजे रोख ३०,००० भरायचे होते. पत्र्याचे बिल जीएसटीआर-२बीत, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या पोर्टलवरच्या मासिक यादीत, आलेच नाही, त्यामुळे ६६,००० भरावे लागले. बिल हातात आहे, पैसेही दिलेत, पण १ जानेवारी २०२२ पासून २बीत न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट मिळत नाही.

२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते, पण तोवर थांबू नका. पुरवठादाराने जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिल नुसते सेव्ह केले तरी ते तुमच्या पोर्टलवर आयएमएस या आलेल्या बिलांच्या विभागात दिसते. त्याच्या रिटर्नची मुदत ११ तारीख असते, म्हणून ८-९ तारखेलाच खरेदी रजिस्टर समोर ठेवून जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम जुळवा. राहिलेल्या बिलांसाठी लगेच फोन करा. या दोन दिवसांत केलेला फोन १५ तारखेच्या दहा फोनांपेक्षा कामाचा.

बिल तरीही आले नाही, तर आधी कारण शोधा. पुरवठादार तिमाही रिटर्न भरणारा असेल आणि त्याने महिन्याची बिले १३ तारखेपर्यंत आयएफएफ या तिमाहीच्या मधल्या महिन्यांसाठीच्या सुविधेत टाकली नसतील, तर तिमाही संपेपर्यंत थांबावे लागते. रिटर्न उशिरा भरले असेल, तर बिल पुढच्या २बीत येईल. सर्वांत फसवे कारण वेगळेच: बिल करताना तुमचा जीएसटीआयएन टाकलाच नाही आणि विक्री बी२सीत, म्हणजे जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत गेली. पुरवठादार ‘आम्ही कर भरलाय’ म्हणतो, आणि ते खरेही असते. त्याच्याकडून जीएसटीआर-१मधल्या त्या नोंदीचा स्क्रीनशॉट मागा, म्हणजे लगेच कळेल.

वर्कशॉपच्या बाबतीत हेच झाले होते. उपाय असा: पुरवठादाराने ऑगस्टच्या जीएसटीआर-१मध्ये ते बिल तुमच्या जीएसटीआयएनसह बी२बीत, म्हणजे नोंदणीकृत खरेदीदारांच्या विक्रीत दाखवायचे आणि आधीची बी२सी रक्कम तेवढीच कमी करायची. ११ सप्टेंबरपर्यंत हे झाले, तर १४ला बिल २बीत येते आणि २० सप्टेंबरच्या जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या रिटर्नमध्ये ३६,००० वळते होतात. जीएसटीआयएनची चूक जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधून सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका.

दरम्यान ‘नंतर येईलच’ म्हणून क्रेडिट घेऊ नका. ३बीतले क्रेडिट २बीपेक्षा बरेच जास्त दिसले की डीआरसी-०१सी सूचना येते आणि सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. चुकीचे क्रेडिट वापरले, तर वर्षाला १८ टक्के व्याजही बसते. दुरुस्तीची आणि क्रेडिट घेण्याची शेवटची तारीख पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर. वार्षिक रिटर्न त्याआधी भरले, तर ते भरल्याची तारीख हीच शेवटची.

नव्या पुरवठादाराशी ऑर्डरमध्येच लिहून ठेवा: मालाची किंमत ठरल्याप्रमाणे, जीएसटीची रक्कम बिल २बीत दिसल्यावर. पूर्ण पैसे मात्र बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्या, नाहीतर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते.