भविष्यातला पगार आजच संपत्ती म्हणून धरताय? या चुका टाळा

ऑफिसातली नवी पोरं एक्सेल शीट घेऊन माझ्याकडे येतात, आणि दर वेळी शीटमध्ये तीच चूक असते. कुठेतरी वाचलेलं असतं की तरुण माणसाची सगळ्यात मोठी संपत्ती म्हणजे त्याची पुढची तीस वर्षांची कमाई, बँकेतले पाच-सहा लाख त्यापुढे काहीच नाहीत, म्हणून सगळे पैसे शेअरमध्ये टाकले तरी चालतात. विचार खरा आहे आणि जुना आहे. बोडी, मर्टन आणि सॅम्युएलसन यांनी १९९२ साली मांडलं होतं की ज्याला गरज पडली तर जास्त काम करता येतं, जास्त वर्षं काम करता येतं, तो गुंतवणुकीत जास्त रिस्क घेऊ शकतो. पण यातला "ज्याला करता येतं" हा भाग सगळे गाळतात.

चूक १: सगळा पगार बेरजेत धरणं

२७ वर्षांचा मुलगा, हातात वर्षाला ९ लाख ६० हजार. त्याने दरवर्षी १० टक्के वाढ धरली आणि ३३ वर्षांची सरळ बेरीज केली, आले २१ कोटी. मग म्हणाला, ताई, माझ्याकडे २१ कोटी असताना सहा लाखांची काय काळजी करायची?

अरे पण त्यातलं भाडं, किराणा, आईबाबांना पाठवायचे पैसे कोण देणार? रिस्क पेलायला उपयोगी पडते ती फक्त शिल्लक. त्याची शिल्लक वर्षाला ४ लाख. वाढ महागाईइतकीच धरायची, म्हणजे आकडा आजच्या पैशात ४ लाखच राहतो, आणि तीस वर्षांचं आजचं मूल्य काढायचं:

```
=PV(4%,30,-4)
=PV(8%,30,-4)
```

पहिल्याचं उत्तर साधारण ६९ लाख, दुसऱ्याचं ४५ लाख. दर महागाई वगळून आहे. पहिला दर पक्क्या सरकारी नोकरीसारख्या कमाईला शोभतो, दुसरा जिथे नोकरी जाऊ शकते तिथे. मी खाजगी नोकरीला कायम ८ धरते, कुणी कितीही वाद घातला तरी. २१ कोटींचे ४५ लाख झाले की पोरं जरा शांत बसतात.

चूक २: पगार म्हणजे एफडी समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण हिची किंमत मी घरातच पाहिली.

माझा मावसभाऊ, तेव्हा २८ वर्षांचा, एका स्टार्टअपमध्ये होता, वाकडला घरून काम, हातात महिन्याला १ लाख ४० हजार आणि कागदावर ३५ लाखांचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क. २०२१ साली सगळं वर चाललं होतं. त्याने तोच हिशोब केला, भविष्यातला पगार म्हणजे एफडी, म्हणून बाकी सगळं शेअरमध्ये, आणि शेअरमध्येही टेक फंड कारण "मला ते क्षेत्र कळतं". वर ८ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांचं, तेही फंडात. मी विचारलं तर म्हणाला, ताई, ईएमआय फक्त १८,६०० आहे, माझा पगार बघ ना.

२०२२ च्या शेवटी कंपनीला फंडिंग मिळेना आणि याची टीमच काढली, दोन महिन्यांचा पगार देऊन. ईसॉपमधले जे शेअर घ्यायचा हक्क तोवर पक्का झाला होता, ते नव्वद दिवसांत घ्यायचे नाहीतर सोडायचे. घ्यायला पैसे लागतात, वर त्या वेळच्या किमतीतल्या फरकावर पगारासारखा टॅक्स, आणि कंपनी लिस्टेडच नाही तर विकणार कुणाला? सोडून दिले. टेक फंड तोवर पाव भागाने खाली. बँकेत टॉप-अप मागायला गेला तर समोरच्या माणसाने शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या. तो मोबाईलवर जुन्या स्लिपा दाखवत होता आणि तो माणूस म्हणत होता, या नाही सर, चालू नोकरीच्या. "भविष्यातली संपत्ती" गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही, आणि जेव्हा पैसे हवे असतात नेमकी तेव्हाच ती आटते. पाचव्या महिन्यात नोकरी लागली, १ लाख १० हजारावर, पण भाडं आणि ईएमआयसाठी युनिट तोट्यातच विकून झाले होते. फंड नंतर सावरला, त्याचा याला काही उपयोग नव्हता.

म्हणजे पगार, ईसॉप आणि फंड, तिन्ही एकाच कारणाने पडले. जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाचा पगार खरंच बॉण्डसारखा असतो, बाजार पडला म्हणून कापला जात नाही. स्टार्टअप, ब्रोकरेज, रिअल इस्टेट सेल्स, कमिशनवरची कामं यांचा पगार मुळातच अर्धा शेअर असतो.

वरच्याच मुलाचा आकडा पुढे नेऊ. ४५ लाख कमाई आणि ६ लाख बचत, एकूण ५१. त्याला एकूणाच्या निम्मी रिस्क झेपते असं धरलं तर साडेपंचवीस लाख शेअरसारखं चालेल. त्याचा पगार २० टक्के शेअरसारखा असेल तर त्यातच ९ लाख गेले, साडेसोळा उरले, म्हणजे सहाच्या सहा लाख इक्विटीत ठेवता येतील. पण पगार ६० टक्के शेअरसारखा असेल तर पगारातच २७ लाखांची रिस्क बसली, मर्यादा तिथेच ओलांडली, बचतीत इक्विटीला जागाच नाही. वय तेच, पगार तोच, उत्तर मात्र पूर्ण उलटं.

हे २० की ६० कसं ठरवायचं याला पक्कं सूत्र नाही आणि मला कुणी सूत्र देतो म्हणालं की शंका येते. मी एवढंच विचारते: २००८-०९ मध्ये, २०२० मध्ये आणि २०२२-२३ मध्ये तुझ्या कामातल्या लोकांचं काय झालं? व्हेरिएबल पे कापला का, बेंचवर किती दिवस बसले, जॉयनिंग पुढे ढकललं का? आपल्याहून दहा वर्षं मोठ्या तीन सीनियरना चहाला बसवून विचारा. यात एक संध्याकाळ जाते, पण कुणालाच तेवढा धीर नसतो, सगळ्यांना ॲपमधलं रिस्क प्रोफाइल दोन मिनिटांत भरायचं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

पीएफ हिशोबात न धरणं: तो तुमचा बॉण्डच आहे, आधी तो मोजा.

होमलोन विसरणं: ईएमआय ही उलटी एफडी आहे, पगारातून आधी ती वजा होते.

टर्म इन्शुरन्स नसणं: ४५ लाखांची संपत्ती म्हणता आणि घरचे तुमच्यावर अवलंबून असताना तिचा विमा नाही? अपघाताने काम थांबलं तर काय, तेही बघा.

आपल्याच कंपनीचे शेअर धरून बसणं: लिस्टेड असतील तर मी हातात आल्या आल्या विकायला लावते.

मावसभावाचं लोन आता फिटलंय. नोकरी अजूनही टेकमध्येच आहे, म्हणून टेक फंड बंद, साधा इंडेक्स फंड, आणि इक्विटी पीएफ धरून निम्म्याच्या आत. बारा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत एसआयपी वाढवायची नाही असं ठरलंय, सध्या नववा महिना भरतोय.