कणसाचे दाणे, ९:३:३:१ आणि काय-स्क्वेअर

रत्नागिरीत एस.वाय.च्या मुलांचं जेनेटिक्सचं प्रॅक्टिकल मी घेते. डायहायब्रिड क्रॉससाठी मक्याचं एफ-टू कणीस हातात देते: दाणे जांभळे किंवा पिवळे, टपोरे किंवा सुरकुतलेले. जांभळा आणि टपोरा प्रभावी. रंगाचा जीन दहाव्या गुणसूत्रावर, सुरकुतीचा चौथ्यावर, म्हणजे दोन्ही एकमेकांशी देणंघेणं न ठेवता पुढे जातात. म्हणून ३:१ ला ३:१ ने गुणायचं. जांभळा असण्याची शक्यता ३/४, टपोरा असण्याची ३/४, दोन्ही मिळून ९/१६. बाकीचे ३, ३ आणि १ तसेच येतात. सोळा घरांचा तक्ता काढत बसायची गरज नाही.

मोजताना ओळीच्या सुरुवातीला टाचणी खोचा, म्हणजे फिरवताना तीच ओळ दोनदा मोजली जात नाही. आणि एक गोष्ट बहुतेक मुलं टाळतात: रिकाम्या आणि काळ्या पडलेल्या जागाही वेगळ्या लिहून ठेवा. त्या का लागतात ते पुढे येईलच.

ऑगस्टमधल्या एका कणसाचे आकडे असे होते. जांभळे टपोरे २४१, पिवळे टपोरे ८१, जांभळे सुरकुतलेले ५७, पिवळे सुरकुतलेले २१. एकूण ४००. अपेक्षित आकडे २२५, ७५, ७५ आणि २५. प्रत्येक गटात फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं. पहिल्या गटात फरक १६, वर्ग २५६, भागिले २२५ म्हणजे १.१४. पुढचे तीन ०.४८, ४.३२ आणि ०.६४. बेरीज ६.५८, हाच काय-स्क्वेअर. चार गट, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम ३, आणि पाच टक्के पातळीवर तक्त्यातला आकडा ७.८१५. आपला त्याहून कमी, म्हणजे ९:३:३:१ नाकारता येत नाही. (हे सगळं मोजलेल्या दाण्यांवरच करा. टक्केवारी घेऊन केलंत तर हाच ६.५८ चौथ्या हिश्श्यावर, १.६४ वर येतो.)

बहुतेक जर्नलं इथेच संपतात. पण त्या ४.३२ कडे बघा. एकट्या गटाने बेरजेचा दोन-तृतीयांश भाग खाल्लाय.

अशा वेळी मी तीन डिग्री सुट्या करून बघायला लावते. आधी फक्त रंग: जांभळे २९८, पिवळे १०२, अपेक्षित ३०० आणि १००. काय-स्क्वेअर ०.०५. मग फक्त आकार: टपोरे ३२२, सुरकुतलेले ७८, अपेक्षित तेच. काय-स्क्वेअर ६.४५. इथे डिग्री १, मर्यादा ३.८४१, म्हणजे आकाराचं ३:१ बसत नाही. एकूण ६.५८ मधून हे दोन वजा केले की उरतात ०.०७, आणि तो दोन जीन एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत याचा भाग. तिथे काहीच बिघडलेलं नाही. एका गुणातला दोष तीन डिग्रींच्या ऐसपैस मर्यादेत लपून गेला होता, इतकंच.

"मॅडम, मग मेंडेल चुकला का?" असं एकीने विचारलं. तिला म्हटलं, तुझ्या रिकाम्या जागा किती? तिने २६ लिहिल्या होत्या. आता हिशेब बघा: टपोरे ३२२ हे पाऊण भाग असतील तर सुरकुतलेले १०७ हवेत, आहेत ७८, म्हणजे २९ कमी. सुरकुतलेल्या दाण्यात साखर जास्त. कोकणातल्या पावसात बरणीत डांबरगोळ्या टाकल्या तरी दमटपणा आत शिरतोच, आणि बुरशी आधी त्याच दाण्यांना धरते. जवळपास तेवढेच दाणे गळून गेले होते. अर्थात, आकडे पाहून मग सुटे भाग तपासले तर योगायोगालाही वाव राहतो. म्हणून रिकाम्या जागांची नोंद नसती तर मी बुरशीचं नाव घेऊ दिलं नसतं. उन्हाळ्यात सुकवलेलं दुसरं कणीस मोजून खात्री करणं उत्तम.

याच्या नेमकं उलट चित्र बेटसन आणि पनेट यांच्या स्वीट पीमध्ये दिसतं. तिथे ६,९५२ झाडं होती: जांभळी फुलं-लांब पराग ४,८३१, जांभळी-गोल ३९०, लाल-लांब ३९३, लाल-गोल १,३३८. रंग एकटा घ्या, काय-स्क्वेअर ०.०४. पराग एकटा घ्या, ०.०८. दोन्ही ३:१ चोख. पण उरलेला तिसरा भाग ३,३७० च्या वर जातो. झाडं मेली नाहीत, काही गळलं नाही; दोन्ही जीन एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने सोबत जातात. त्यामुळे एकूण काय-स्क्वेअर मोठा आला की लगेच 'लिंकेज' लिहू नका. आधी दोन्ही ३:१ तपासा. ते बसत असतील आणि तिसरा भाग फुगला असेल तरच लिंकेज लिहा.