डिक्टेशनचा मेसेज कळत नसेल तर मोठ्याने वाचा

घरात टीव्ही चालू असताना कोणी बोलून टाईप केलं की असं काहीतरी येतं: "उद्या अकराला बँकेत ये तुरळक पावसाची शक्यता पास बुक आण सई साठी काका पण लागतील". आता ही सई कोण म्हणून डोकं खाजवू नका, आधी मोठ्याने वाचा, कारण फोन ऐकलेल्या आवाजाला त्यातल्या त्यात जुळणारा शब्द देतो, म्हणून स्पेलिंग सोडा आणि उच्चार धरा, की "सई साठी" म्हणजे "सहीसाठी" हे लगेच कळतं. मधलं पावसाचं वाक्य एकदम बातम्यांच्या भाषेत आहे आणि बँकेशी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे ते टीव्हीचं, काढून टाका. उरलं ते सरळ आहे, अकरा वाजता पासबुक घेऊन बँकेत, सोबत काका.

पण वेळ, रक्कम आणि "नको", "नाही" यांच्यावर अंदाज लावू नका हं, गोंगाटात "येणार नाही" मधलं "नाही" गळलं तरी वाक्य बरोबरच दिसतं, तिथे सरळ फोन करून विचारा. आणि बोलणाऱ्याला सांगा, माईक तोंडाजवळ धर नि टीव्ही म्यूट कर, अर्धी कटकट तिथेच संपते.